परिच्छेदाची पहिली ओळ



आज प्रकाशित झालेल्या तुमच्या शाळेच्या वार्षिक अंकात ठाकुर्लीच्या चोळा पॉवर हाऊसवर एक लेख आहे. अंक छापायला जाण्याआधी तुमच्या सरांनी तो माझ्याकडे पाठवला होता. मी अनेक वर्षं संपादनाचं काम केलं आहे. लेखिकेच्या परवानगीने, त्या लेखातला एकच परिच्छेद आम्ही दोघांनी कसा लावला, तेवढंच आज सांगतो.

लेखाचा मुख्य मुद्दा सरळ होता: पॉवर हाऊसमुळे ठाकुर्लीची वस्ती वाढली. तिसरा परिच्छेद मात्र असा होता:

‘१८५३ साली पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला धावली. पुढच्या वर्षी ती कल्याणपर्यंत आली. माझे आजोबा डबा घेऊन पॉवर हाऊसला चालत जात. बॉयलरला उल्हास नदीचं पाणी मिळे. कोळसा रेल्वेनेच येई. कल्याणहून पुण्याचा आणि इगतपुरीचा असे दोन मार्ग फुटतात. म्हणजे ही जागा योगायोगाने निवडलेली नव्हती.’

यातलं एकही वाक्य चुकीचं नाही, तरी वाचताना मन भरकटतं. मी तिला म्हटलं, ‘हा परिच्छेद काय सांगतो, ते समासात एका ओळीत लिही.’ तिने थोडा विचार केला आणि आपलंच शेवटचं वाक्य लिहिलं. बहुतेकांचं असंच होतं. आपण लिहिता लिहिता विचार करतो, त्यामुळे मुद्दा सापडतो तो परिच्छेदाच्या शेवटी. लिहिणाऱ्यासाठी तो शेवट असतो, पण वाचणाऱ्याला तो सुरुवातीला हवा असतो. म्हणून ते वाक्य वर नेलं. हे झालं परिच्छेदाचं मुख्य वाक्य.

मग उरलेल्या प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारला: ‘जागा विचारपूर्वक निवडली होती, हे तू सिद्ध करतंस का?’ पाणी म्हणालं, हो. कोळसा म्हणाला, हो. दोन मार्गांचं वाक्यही हो म्हणालं, पण ते अर्धवट होतं. ते मार्ग विजेवर कधी आले, हे तिने पुढच्या पानावर लिहिलं होतं. पुण्याचा १९२९ साली, इगतपुरीचा १९३० साली. ते इथे आणल्यावर पुरावा पुरा झाला. आजोबांचं वाक्य सुंदर होतं, पण ते जागेबद्दल नव्हतं, माणसांबद्दल होतं. ते वस्तीच्या परिच्छेदात गेलं. १८५३ चं आणि त्याच्या पुढचं, ही दोन वाक्यं मात्र कुठेच बसेनात. माहिती खरी असली तरी या लेखात तिला काम नव्हतं. ती काढताना तिला वाईट वाटलं, पण तिने काढली.

राहिला शेवट. जागा सोयीची होती, मग पुढे काय? वस्तीचा मुद्दा इथे दिसतच नव्हता. तिचा पहिला प्रयत्न होता, ‘अशा प्रकारे पॉवर हाऊसमुळे ठाकुर्लीची वस्ती वाढली.’ ही नुसती पुनरुक्ती झाली. मुख्य मुद्द्याशी जोडणाऱ्या वाक्याने या परिच्छेदातून तिथवर जाण्याची वाट दाखवायला हवी. शेवटी परिच्छेद असा झाला:

‘पॉवर हाऊसची जागा योगायोगाने निवडलेली नव्हती. बॉयलरसाठी उल्हास नदीचं पाणी जवळ होतं आणि कोळसा रेल्वेनेच आणता येत होता. वीज जिथे लागणार होती ते पुण्याचे आणि इगतपुरीचे मार्ग कल्याणलाच फुटत होते; ते १९२९ आणि १९३० साली विजेवर आले. पॉवर हाऊस इथे उभं राहिलं, म्हणून तिथे राबणाऱ्या माणसांना घरंही इथेच, चालत जाता येईल अशा अंतरावर हवी होती.’

शेवटच्या वाक्याने पुढच्या परिच्छेदाचं दार उघडलं, आणि त्या दारातून आजोबा डबा घेऊन आत आले.

तिथे मात्र आम्ही अडलो. तिने लिहिलं होतं, ‘सगळी वस्ती पॉवर हाऊसमुळे वाढली.’ पुरावा होता एका आजोबांच्या आठवणीचा. एका आठवणीवर ‘सगळी’ हा शब्द तोलला जात नाही. वाक्यांची जागा बदलून ही उणीव भरत नाही. एकतर पुरावा वाढवायचा, नाहीतर विधान आवरायचं. तिने लिहिलं, ‘पॉवर हाऊसमधल्या कामगारांची कुटुंबं ठाकुर्लीत राहू लागली.’ लेखाचा मुख्य मुद्दाही तिने तेवढाच आवरला.

गोष्ट किंवा ललित लेख लिहिताना ही शिस्त लावू नका. तिथे मुद्दा मागे ठेवण्यातच गंमत असते. पण काही पटवून द्यायचं असेल, तर लेख संपल्यावर प्रत्येक परिच्छेदाचं फक्त पहिलं वाक्य ओळीने वाचा. युक्तिवाद तेवढ्यातून उभा राहिला, तर मांडणी जमली. जिथे उडी मारावी लागेल, तिथे परिच्छेद हलवायचा आहे. या चाचणीतच तिला कळलं, की आपला दुसरा परिच्छेद चौथ्यानंतर हवा.

आज घरी गेल्यावर तिच्या लेखातली पाच पहिली वाक्यं वाचा. मग आपली वही उघडा.