निदान आणि भवितव्य

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत वैद्यकीय विभागाच्या वतीने केलेल्या भाषणातील निवडक भाग)



अहवालाचे पाकीट हाती येताच बहुतेक कुटुंबे ते आमच्या दालनाबाहेरील बाकावरच उघडतात. त्यात रोगाचे नाव लिहिलेले असते. पण वाचणारा त्यात आपल्या माणसाचे आयुष्य शोधत असतो. रोग कोणता, हे सांगणे म्हणजे निदान. तो पुढे कोणत्या वाटेने जाईल, हे सांगणे म्हणजे रोगाचे भवितव्य. आयुर्वेदानेही रोगाचे निदान आणि त्याची साध्यासाध्यता यांचा विचार वेगवेगळा केला आहे. या दोहोंची गल्लत झाली की काय होते, ते एका नेहमीच्या प्रसंगावरून आम्ही सांगू इच्छितो.

चौपन्न वर्षांच्या एका बाईंच्या स्तनात गाठ आढळली. सुईने घेतलेल्या तुकड्याच्या अहवालात ‘इन्व्हेजिव्ह डक्टल कार्सिनोमा, ग्रेड ३’ असे शब्द होते. मुलाने ते वाचले आणि आत येताच विचारले, “डॉक्टर, तिसरी स्टेज म्हणजे आई आता किती दिवसांची?”

ही चूक फार जणांकडून होते. ग्रेड आणि स्टेज या भिन्न गोष्टी आहेत. ग्रेड सूक्ष्मदर्शकाखाली ठरते. कर्कपेशी मूळच्या निरोगी पेशींपासून किती दुरावल्या आहेत आणि किती वेगाने विभागत आहेत, हे पाहून १ ते ३ यांपैकी अंक दिला जातो. स्टेज मात्र गाठीचा आकार, काखेतील लसिकाग्रंथींत झालेला शिरकाव आणि शरीरात अन्यत्र झालेला प्रसार यांवरून ठरते. सुईने घेतलेला इवलासा तुकडा एवढे सारे सांगू शकत नाही. म्हणून त्या दिवशी आम्ही मुलाला इतकेच सांगितले : “हा कर्करोग आहे, हे निश्चित. त्याच्या पेशी जोमाने वाढणाऱ्या आहेत, हेही खरे. पण तुम्ही जे विचारता आहात, त्याचे उत्तर या कागदावर नाही.”

पुढे शस्त्रक्रिया झाली. गाठ १.८ सेंटिमीटर भरली, काखेतून काढलेल्या ग्रंथींत रोग आढळला नाही आणि अन्यत्र प्रसाराची चिन्हे नव्हती. म्हणजे ग्रेड तिसरी, पण स्टेज पहिली! शिवाय ही गाठ इस्ट्रोजेन या संप्रेरकाला प्रतिसाद देणारी ठरली. म्हणून संप्रेरकरोधक गोळ्यांचा मार्गही खुला झाला. आता कुठे भवितव्याविषयी बोलण्यास आधार मिळाला, आणि तो कुटुंबाने मनाशी धरला होता त्याहून पुष्कळच आशादायक होता.

तरीही आम्ही ‘रोग संपला’ असे म्हटले नाही. या प्रकारचा कर्करोग पाच वर्षे उलटल्यानंतरही परतू शकतो. म्हणून गोळ्या निदान पाच वर्षे नेमाने घ्याव्या लागतात आणि तपासणी त्यानंतरही चालू ठेवावी लागते. भवितव्य हे एकदा उच्चारून मिटणारे वाक्य नव्हे. उपचारांना मिळणाऱ्या प्रतिसादानुसार ते पुन्हा तपासावे लागते.

जेथे रोग पसरलेला असतो, तेथे ‘किती दिवस’ हा प्रश्न अधिक कठीण होतो. जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गुल्ड यांना १९८२ साली पोटातील मेसोथेलिओमा हा दुर्मीळ कर्करोग झाला. या रोगात निदानानंतरच्या आयुष्याचा मध्यक आठ महिने, असे त्यांच्या वाचनात आले. मध्यक म्हणजे निम्मे रुग्ण त्याआधी जातात आणि निम्मे त्यानंतरही जगतात. त्या उरलेल्यांपैकी काहींना वर्षे लाभतात. गुल्ड आणखी वीस वर्षे जगले आणि २००२ साली निराळ्याच कर्करोगाने निवर्तले. प्रत्येकाला वीस वर्षे मिळतील, असा याचा अर्थ मुळीच नाही. परंतु आठ महिने ही त्यांच्या आयुष्याची मुदत नव्हती; तो एका समूहाचा मध्यबिंदू होता.

म्हणून असा प्रश्न आला की आम्ही एकच आकडा सांगण्याचे टाळतो. बहुतेकांच्या बाबतीत काय घडते, सर्वांत चांगले काय घडू शकते आणि सर्वांत वाईट काय, असा पल्ला सांगतो. वाईट शक्यताही लपवत नाही. कारण घरातील लग्न, जमिनीची वाटणी, परदेशातील मुलाचे येणे हे निर्णय त्यावरच अवलंबून असतात.

आप्तेष्टांना आमची विनंती एवढीच की, अहवाल हाती आल्यावर दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत : “हे काय आहे?” आणि “यावरून पुढचे सांगता येईल का, की अजून काही तपासायचे बाकी आहे?” दुसऱ्या प्रश्नावर “आज सांगता येत नाही” असे उत्तर मिळाले, तर डॉक्टर काही लपवीत आहेत असे समजू नये. बहुधा पुढचा अहवाल यायचा असतो, आणि तो कधी येईल हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.