‘कमी आढळले’ आणि ‘कमी केले’

निरीक्षणात्मक अभ्यासात संशोधक कोणाला काही देत नाही, कोणाकडून काही काढून घेत नाही. लोक आपापल्या मर्जीने किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याने जे करतात त्याची तो नोंद ठेवतो आणि पुढे कोणाला काय झाले ते पाहतो. अशा नोंदींतून ‘औषध घेणाऱ्यांत आजार कमी आढळला’ एवढे वाक्य थेट निघते. ‘औषधाने आजार कमी केला’ हे वाक्य निघत नाही. दोन्हींत फरक एका क्रियापदाचा आहे. निबंध तपासताना त्या क्रियापदापासूनच सुरुवात करावी लागते.

अमेरिकेतील परिचारिकांचा आरोग्य-अभ्यास हे याचे उत्तम उदाहरण. 1976 मध्ये सुरू झालेल्या या अभ्यासात 1 लाख 21 हजारांहून अधिक परिचारिका दर दोन वर्षांनी प्रश्नावली भरून देत. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या स्त्रियांची तुलना 1991 मध्ये प्रसिद्ध झाली. त्या वेळी इस्ट्रोजेन घेत असलेल्यांत गंभीर हृदयविकाराचे प्रमाण 44 टक्क्यांनी कमी होते. निष्कर्षाची भाषा वरवर सावध होती: इस्ट्रोजेनचा संबंध हृदयविकारातील ‘घटी’शी जोडलेला होता. पण ‘घट’ म्हटले की आधी जास्त होते, मग उतरले, असे मनात येते. इथे एकाच स्त्रीचा धोका उतरताना कोणी पाहिला नव्हता. दोन वेगवेगळ्या स्त्रीगटांतले अंतर मोजले होते. ‘संबंध’ हा शब्द वाक्यात असूनही कारण मागच्या दाराने आत येते ते असे.

मग विचारायचे ते हे, की हे दोन गट इतर बाबतींत सारखे होते का. वय, धूम्रपान, रक्तदाब, मधुमेह यांची सांख्यिकीय जुळवणी संशोधकांनी केली होती, आणि ती कसून केली होती. तरी जुळवणी फक्त मोजलेल्या गोष्टींची होते. इस्ट्रोजेन घेणारी स्त्री डॉक्टरकडे नियमित जाणारी, ऐपत असलेली, स्वतःला जपणारी असण्याची शक्यता अधिक. 1987 मध्ये डायना पेटिटी यांच्या गटाने कॅलिफोर्नियातील स्त्रियांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा इस्ट्रोजेन घेणाऱ्यांत अपघात, खून आणि आत्महत्या यांनी होणारे मृत्यूही कमी दिसले. संप्रेरकाची गोळी खुन्याला अडवत नाही. म्हणजे दोन गटांत गोळीखेरीज दुसराही फरक होता. या कसोटीइतकी सोपी आणि निर्णायक कसोटी क्वचितच सापडते: ज्या परिणामावर औषधाचा प्रभाव असूच शकत नाही, तिथेही ‘फायदा’ दिसतो का, हे पाहायचे.

तसाच दाखला पुरुषांच्या एका हृदयविकार-चाचणीत 1980 मध्ये मिळाला. औषधी गुण नसलेल्या गोळ्या नियमित घेणाऱ्यांपैकी पाच वर्षांत सुमारे 15 टक्के दगावले, तर त्याच गोळ्या चुकवणाऱ्यांपैकी सुमारे 28 टक्के. गोळीत काहीच नव्हते. फरक गोळी घेणाऱ्या माणसांत होता.

मग गोळी कोणी घ्यायची हे स्त्रियांवर न सोडता इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन यांच्या मिश्र उपचाराची मोठी चाचणी अमेरिकेत झाली. 16,608 स्त्रियांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटले गेले, त्यामुळे स्वतःला जपणाऱ्या स्त्रिया दोन्हींकडे सारख्याच आल्या. जुलै 2002 मध्ये ती मुदतीआधी थांबवावी लागली. हृदयविकार उपचाराच्या गटात वर्षाला दर दहा हजारांमागे 37, तर दुसऱ्या गटात 30 जणींना झाला. संरक्षण तर दिसलेच नाही; स्तनाचा कर्करोग आणि पक्षाघातही उपचाराच्या गटात अधिक निघाले.

परिचारिकांच्या नोंदी आणि ही चाचणी यांतली सगळी तफावत ‘जपणाऱ्या स्त्रिया’ या एकाच कारणावर ढकलणे मात्र पुन्हा तीच घाई ठरेल. मिगेल हर्नान आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये परिचारिकांच्याच नोंदी वेगळ्या रीतीने मांडल्या: ‘सध्या घेणाऱ्या’ स्त्रियांऐवजी ‘घ्यायला सुरुवात करणाऱ्या’ स्त्रिया मोजल्या. सुरुवातीलाच जिला त्रास झाला ती ‘सध्या घेणाऱ्यां’च्या यादीतून गळून जाते, उरतात त्या उपचार सोसलेल्या. नव्या मांडणीत, रजोनिवृत्तीनंतर लोटलेला काळ आणि पाठपुराव्याची लांबी लक्षात घेतल्यावर, चाचणीशी असलेली तफावत बरीच मिटली. म्हणून निबंधाच्या पद्धती-विभागात मोजणी कोणत्या दिवसापासून सुरू झाली, हे शोधलेच पाहिजे.

निरीक्षणातून कारण कधीच सांगता येत नाही, असे नाही. धूम्रपानाने फुप्फुसाचा कर्करोग होतो, हे माणसांना दोन गटांत वाटून सिद्ध झालेले नाही. तिथे धोका कित्येक पटींचा होता, सिगारेटच्या संख्येबरोबर तो चढत होता आणि सोडणाऱ्यांत उतरत होता. एवढा मोठा फरक समजावून देईल असा दुसरा घटक कोणाला दाखवता आला नाही. ‘मुळे’ हा प्रत्यय तिथे कमावलेला आहे. निबंधात तो दिसला की अशी पुराव्यांची साखळी लेखकाने दिली आहे का ते पाहावे. ती नसेल, तर ‘म्हणून हे औषध घ्यावे’ हे शेवटचे वाक्य खोडून तिथे ‘घेणाऱ्यांत आजार कमी आढळला’ एवढेच लिहावे.