गोलपोस्ट पुढे का पडतो?

आज बोलूया मैदानावरच्या उचलून नेता येणाऱ्या लोखंडी गोलपोस्टबद्दल. दोन्ही खांब आणि वरचा आडवा पाइप पुढे, मागे फक्त जमिनीवरचा हलका पाइप. म्हणजे बहुतेक वजन पुढेच.

हिशोब करून बघा. गोल ४० किलोचा, २ मीटर उंच, आणि त्याचा भारमध्य खांबांच्या २० सेंटिमीटर मागे. मग वरचा पाइप पुढे ओढायला साधारण ४ किलोची ओढ पुरते. लटकून झोके घेणारं पोरगं एवढी ओढ सहज देतं, आणि गोल त्याच्याच अंगावर येतो.

आता मागच्या पाइपवर, खांबांपासून १ मीटरवर, २० किलोच्या दोन वाळूच्या गोण्या ठेवा. तीच ओढ २४ किलो लागते. गोण्या खांबांपाशी ठेवल्या तर जवळपास शून्य फायदा! (मी हे बऱ्याच ठिकाणी बघतो.)

तरी झोक्याला २४ किलोही कमी पडू शकतात, म्हणून लटकायचं नाहीच. खुंट्या मारल्या असतील तर पावसानंतर हलवून बघा, ओल्या मातीत त्या सैल होतात. खेळ संपला की मोठ्यांनी मिळून गोल तोंडावर आडवा करून ठेवायचा.