हजेरीचा नकाशा आणि कामगाराची बाजू



फिरतीवरील आरोग्यसेविका, मीटर-वाचक, औषध कंपन्यांचे प्रतिनिधी यांपैकी अनेकांची हजेरी आज मस्टरवर नव्हे, मोबाइलवर लागते. गावी पोहोचताच बटण दाबावयाचे. फोन उपग्रहांच्या संकेतांवरून स्थान ठरवतो, आणि ते केंद्रापासून, समजा, 100 मीटरांच्या आत असेल तरच हजेरी मान्य होते.

ही व्यवस्था फसविता येते, हे नाकारण्यात अर्थ नाही. अँड्रॉइड फोनमध्ये Select mock location app ही सोय असते. ती अ‍ॅप तयार करणाऱ्यांना चाचणीसाठी दिलेली. परंतु तिच्या आधारे घरी बसून गावचे स्थान दाखविता येते. अशा नोंदीवर फोन स्वतःच ‘बनावट’ अशी खूण करतो. फोनमध्ये फेरफार करून ती खूण लपविली, तरी आकडे बोलतात. एकाच जागी उभे राहून घेतलेल्या खऱ्या नोंदीही काही मीटर इकडेतिकडे सरकतात. रोजचे अक्षांश-रेखांश शेवटच्या दशांशापर्यंत तेच येऊ लागले, तर शंका रास्त ठरते.

परंतु शंका म्हणजे पुरावा नव्हे. समजा, एका आरोग्यसेविकेची पहिल्या गावची हजेरी 10 वाजून 10 मिनिटांनी व घाटापलीकडच्या गावची 10 वाजून 35 मिनिटांनी दिसते. अंतर 30 किलोमीटर. म्हणजे वेग ताशी 72 किलोमीटर. घाटात एस.टी. असा वेग घेऊच शकत नाही. साहेब लबाडीचा शेरा मारून दिवसाचा पगार कापतात. मात्र 10 वाजून 10 मिनिटे ही नोंद कचेरीत पोहोचल्याची वेळ आहे. पहिल्या गावात रेंज नव्हती. बटण दाबले 9 वाजून 20 मिनिटांनी. नोंद फोनमध्येच राहिली आणि वाटेत रेंज येताच गेली. प्रवासाला सव्वा तास लागला. वेग ताशी 24 किलोमीटर! लबाडी कोठेच नाही. कचेरीने चुकीचे घड्याळ पाहिले, एवढेच.

अंतराचेही तसेच. फोन स्थानासोबत अचूकतेचा आकडा देतो. तो 200 मीटर असेल, तर त्याचा अर्थ असा की खरे स्थान त्या वर्तुळात असण्याची शक्यता सुमारे 68 टक्के. म्हणजे तीनांतील जवळजवळ एका वेळी ते वर्तुळाबाहेरही असू शकते. दरीत वा पक्क्या इमारतीत हा आकडा सहज वाढतो. अशा नोंदीवर 100 मीटरांची रेघ ओढून गैरहजेरी मांडणे हा न्याय नव्हे.

म्हणून संघटनेच्या मागण्या नेमक्या असाव्यात. स्थान घेतल्याची वेळ, पोहोचल्याची वेळ आणि अचूकता, हे तिन्ही आकडे कामगारालाही दिसावेत. एकाच खुणेवर कोणास दोषी धरू नये; पगार कापण्यापूर्वी लेखी विचारणा व्हावी. आणि स्थान हजेरीच्या क्षणीच घ्यावे. कामाचे तास संपल्यावर तो माणूस कोठे जातो, हे पाहण्याचा अधिकार मालकाला नाही.