नवी करपद्धत की जुनी?

गटातल्या कुणाची सून शिक्षिका, कुणाचा मुलगा तलाठी. मार्च आला की एजंट दारात येतो, "पॉलिसी घ्या, कर वाचेल." नव्या पद्धतीत तिच्या हप्त्यानं कर रुपयाही कमी होत नाही. म्हणून आधी हिशोब मांडा.

वर्ष २०२५-२६. शिक्षिकेचा वर्षाचा पगार १४ लाख धरू. नव्या पद्धतीत ७५ हजारांची प्रमाणित वजावट. उरलेल्यावर उपकरासह कर ८१,९०० रुपये. पगार पावणेतेरा लाखांपर्यंत असता, तर शून्यच.

जुनीत प्रमाणित वजावट ५० हजार, व्यवसाय कर अडीच हजार, भविष्य निर्वाह निधी आणि विमा मिळून दीड लाख, राहत्या घराच्या कर्जाचं व्याज दोन लाख. एवढं वजा करूनही कर १,१६,४८०! जुनी परवडायला वजावट ५ लाख ६९ हजारांच्या वर हवी. घर गावी, नोकरी दूर आणि तिथं खरोखर भाडं भरत असेल, तर घरभाडे भत्त्याची सूट धरून पुन्हा मांडा. पावती मात्र खरी हवी.

काही सांगितलं नाही, तर कार्यालय नवीच धरून कर कापतं. जुनी हवी असेल, तर विवरणपत्र मुदतीत भरताना निवडता येते.