छापील प्रार्थना आणि उत्स्फूर्त प्रार्थना



भाषेचा अभ्यासक म्हणून आज ख्रिस्ती प्रार्थनेच्या दोन रीतींविषयी बोलणार आहे. १५४९ साली इंग्लंडात पहिले अँग्लिकन प्रार्थनापुस्तक निघाले आणि नेमलेले शब्द सर्वांनी मिळून म्हणण्याची शिस्त तेथे रुजली. काँग्रिगेशनल पंथीयांनी मात्र ज्याने त्याने आपल्या शब्दांत प्रार्थना करावी, असा आग्रह धरला. अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनची परंपरा ही दुसरी. १९७० साली उत्तर भारतीय मंडळीत दोन्ही प्रवाह एकत्र आले.

छापील प्रार्थनेत शब्द आयते असतात. दुःखाने वाचा बसली तरी ते आधार देतात. पण सवयीने ओठ चालतात आणि मन भटकते. उत्स्फूर्त प्रार्थनेत आजची गरज नेमकी बोलता येते. पण तिथेही ठरीव शब्दांची पुनरावृत्ती होते, कधी प्रार्थनेच्या मिषाने शेजाऱ्याला उपदेश होतो. याची खूण सोपी आहे: बोलणे देवाशी न राहता ऐकणाऱ्यांकडे वळते आणि त्यांना मनापासून ‘आमेन’ म्हणता येत नाही.

भिडस्त माणसाला वाटते, उत्स्फूर्त म्हणजे आकार नसलेले. येथेच त्याची गफलत होते. प्रार्थनापुस्तकातील ‘कलेक्ट’ नावाच्या छोट्या प्रार्थनेला बहुधा पाच अंगे असतात: संबोधन, देवाचा एखादा गुण, एकच मागणी, तिचा हेतू आणि ख्रिस्ताच्या नावाने समाप्ती. हा साचा स्मरणात ठेवून आपले शब्द घालावेत. समजा, गटातील एका मावशींची उद्या शस्त्रक्रिया आहे. मग एवढेच म्हणावे: “हे दयाळू पित्या, तू रोग्यांची काळजी वाहतोस. आमच्या मावशींना आज रात्री शांत झोप दे, म्हणजे उद्या त्या धीराने सामोऱ्या जातील. येशूच्या नावाने मागतो. आमेन.” प्रार्थना पुरी झाली. पंधरा-वीस सेकंद लागली.

त्याआधीची पायरी याहून लहान आहे. पहिले काही दिवस इतरांच्या प्रार्थनेला स्पष्ट आवाजात ‘आमेन’ म्हणावे; सभेत आपला आवाज ऐकण्याची सवय होते. मग आभाराचे एकच वाक्य बोलावे. कागदावर लिहून आणलेले वाचले तरी त्यात उणेपणा नाही. अठराव्या शतकातील काँग्रिगेशनल भक्तिगीतकार आयझॅक वॉट्स यांनी प्रार्थनेवर मार्गदर्शक ग्रंथ लिहून तिची अंगे क्रमाने समजावली, म्हणजे मुक्त प्रार्थनेच्या पुरस्कर्त्यांनाही ती शिकावी लागते हे ठाऊक होते.

गटानेही एक पथ्य पाळावे. पाळीने प्रार्थना होत असेल, तर ज्याला बोलायचे नाही त्याने शेजाऱ्याच्या हाताला हलकेच स्पर्श करून पाळी पुढे द्यावी, हे आरंभीच सांगून ठेवावे. मौनाची मोकळीक असली, म्हणजे बोलणे सक्तीचे उरत नाही. आणि सक्ती गेली की भिडस्ताचे पहिले वाक्य बहुधा आपोआप येते.