जूनची फी : पाच टक्के सुटीमागचा व्याजदर



निकालाच्या दिवसांत शाळेची एक छापील चिठ्ठी घरोघरी येते. वर्षाची फी चार हप्त्यांत भरा, किंवा सगळी एकदम भरा आणि पाच टक्के सूट घ्या, असा तिचा मजकूर. अमरावती असो की अकोला, त्या रात्री जेवताना घरात चर्चा होते आणि बहुतेक ठिकाणी ती एकाच वाक्यावर येऊन थांबते : "पाच टक्क्यात काय ठेवलं हाय? बँकीत सात भेटते."

हे वाक्य चुकीचे आहे. ते का चुकीचे आहे, आणि तरीही वऱ्हाडातल्या कितीतरी घरांनी ती सूट का घेऊ नये, या दोन गोष्टी आज मला मांडायच्या आहेत.

हिशेबाला एक आकडा धरू. वर्षाची फी ४८,००० रुपये. हप्ते बारा-बारा हजारांचे : जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्च. जूनमध्ये एकदम भरली तर ४५,६०० रुपये, म्हणजे सूट २,४०० रुपयांची.

आता "बँकेत सात टक्के" म्हणणारा गृहस्थ काय करतो ते पाहा. तो ४८,००० वर पाच टक्के आणि मुदत ठेवीवर सात टक्के असे दोन आकडे शेजारी ठेवतो. बँकेचे सात टक्के मात्र पूर्ण वर्षाचे असतात आणि पूर्ण रकमेवर असतात. शाळेच्या पाच टक्क्यांचे तसे नाही. जूनचा पहिला हप्ता तुम्हाला दोन्ही वाटांनी भरायचाच आहे. ते १२,००० रुपये तुमच्याकडे राहणारच नव्हते, त्यामुळे त्यांना हिशेबातून बाजूला काढा. एकदम भरणारा माणूस जूनमध्ये जास्तीचे किती देतो? ४५,६०० वजा १२,०००, म्हणजे ३३,६०० रुपये. त्या बदल्यात त्याची तीन देणी मिटतात : तीन महिन्यांनी १२,०००, सहा महिन्यांनी १२,००० आणि नऊ महिन्यांनी १२,०००. एकूण ३६,०००.

म्हणजे ३३,६०० रुपयांवर २,४०० सुटले. हे झाले ७.१४ टक्के, आणि तेही वर्षाचे नाहीत. पैसा सरासरी सहाच महिने आधी गेला, कारण तीन, सहा आणि नऊ यांची सरासरी सहा येते. सहा महिन्यांना ७.१४ तर वर्षाला सव्वाचौदा टक्के. तिमाही चक्रवाढीने काटेकोर काढले तर दर तिमाहीला ३.५३ टक्के येतो, वर्षाला जवळपास पंधरा. कागदावर पाच दिसणारा आकडा प्रत्यक्षात ठेवीच्या दुप्पट आहे.

खात्री हवी असेल तर उलट बाजूने तपासा. जूनमध्ये ते ३३,६०० रुपये साडेसहा टक्के देणाऱ्या बँकेत ठेवले आणि त्यातूनच हप्ते काढत गेले असे धरा. तीन महिन्यांनी व्याजासह ३४,१४६ झाले, १२,००० काढले, उरले २२,१४६. सप्टेंबर ते डिसेंबर त्याचे २२,५०६ झाले, १२,००० काढले, उरले १०,५०६. मार्चमध्ये हाती १०,६७७ आणि हप्ता १२,००० चा. म्हणजे खिशातून १,३२३ रुपये घालावे लागले. जवळपास तेवढेच नुकसान "बँकीत सात भेटते" म्हणणाऱ्याचे होते. शिवाय ठेवीचे व्याज प्राप्तिकराच्या उत्पन्नात धरले जाते, फीची सूट धरली जात नाही. कर भरणाऱ्याला फरक याहून मोठा पडतो.

दर काढताना तारखा नीट वाचाव्या लागतात. काही शाळा सुटीची मुदत १५ एप्रिल ठेवतात आणि हप्ते मात्र १५ जूनपासून सुरू करतात. मग पहिला हप्ता बाजूला काढता येत नाही, कारण एप्रिलमध्ये तोही देणे नसतो. ४५,६०० रुपये सरासरी साडेसहा महिने आधी गेले आणि त्यावर २,४०० सुटले. दर उतरून पावणेदहा टक्क्यांच्या आसपास येतो. सूट तीच, पण दोन महिन्यांनी साडेचार टक्के खाल्ले. तसेच सूट फक्त शिक्षण शुल्कावर असते, बसच्या आणि सत्र शुल्काच्या रकमेवर नसते, हेही पुष्कळदा बारीक अक्षरात लिहिलेले असते. ४८,००० पैकी ३६,०००च शिक्षण शुल्क असेल तर सूट १,८०० रुपयांची होते आणि दर साडेदहावर येतो. म्हणून टक्का वाचू नका. किती रुपये सुटतात, किती रुपये आधी जातात आणि सरासरी किती महिने आधी जातात, एवढे तीन आकडे कागदावर मांडा.

आता हिशेबाची दुसरी बाजू. वर्षाला सव्वाचौदा टक्के ही कमाई आहे, पण ती कुणाची? ज्याचा पैसा जूनमध्ये पडून आहे त्याची. अमरावतीत पगारदार दांपत्य असेल, बचत खात्यात लाखभर रुपये असतील, तर त्यांनी एकदम भरावे, यात विचार करण्यासारखे काही नाही. पण तेल्हारा, मूर्तिजापूर, दर्यापूर, अंजनगाव या भागातून मुलांना शहरातल्या शाळेत घालणाऱ्या शेतकऱ्याचा जून पाहा. विदर्भात उन्हामुळे शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. नेमकी तेव्हाच पेरणी असते. कपाशीचे बियाणे, सोयाबीनच्या बॅगा, खत, डवरणी-निंदणाची मजुरी, सगळा खर्च त्याच चार आठवड्यांत. पैसा परत येतो तो सोयाबीनचा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, कापसाचा दिवाळीनंतर आणि तुरीचा त्याहून उशिरा.

अशा घराने बचत गटातून महिन्याला दोन टक्क्यांनी ३३,६०० काढून फी एकदम भरली तर काय होते? दर तिमाहीला बारा हजार फेडत गेले असे सोयीचे गृहीत धरले तरी पहिल्या तीन महिन्यांत ३३,६०० चे ३५,६१६ होतात. १२,००० फेडून उरलेल्या २३,६१६ चे डिसेंबरात २५,०३३ होतात. पुन्हा १२,००० फेडले तर उरलेल्या १३,०३३ चे मार्चमध्ये १३,८१५ होतात. शाळेचा हप्ता असता १२,००० चा. म्हणजे सूट घेऊनही १,८१५ रुपयांचा तोटा. या माणसाच्या दृष्टीने शाळेचे तिमाही हप्ते म्हणजे सव्वाचौदा टक्क्यांचे, विनातारण कर्ज आहे. बचत गटापेक्षा ते स्वस्त आहे, ते त्याने सोडू नये.

पैसे घरात असले तरी हीच मोजपट्टी लावावी लागते. गेल्या हंगामातले पस्तीस हजार फीला दिले आणि कृषी केंद्रातून माल उधारीवर आणला, असे करणारी घरे आहेत. समजा एखाद्या औषधाची रोखीची किंमत १,००० आणि दिवाळीच्या बोलीने १,१०० आहे. साडेचार महिन्यांत दहा टक्के, म्हणजे वर्षाला सव्वीसच्या पुढे. चौदा कमावण्यासाठी सव्वीस मोजले. पीककर्जाचेही तसेच. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले की शेतकऱ्याला व्याजाचा भार पडत नाही. या पैशातून फी भरली तर सूट फुकटात मिळाली असे वाटते. पण तो पैसा पेरणीचा आहे. तो शाळेत गेला की पेरणी उधारीवर जाते आणि सव्वीस टक्के तिथे वसूल होतात.

उरला प्रश्न जोखमीचा. आगाऊ दिलेला पैसा परत मिळवणे अवघड असते, हे आपण कोरोनाच्या काळात पाहिले. राज्य सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये त्या शैक्षणिक वर्षाच्या फीत १५ टक्के कपातीचा आदेश काढला. ज्यांनी पूर्ण फी भरली होती त्यांची जास्तीची रक्कम पुढच्या हप्त्यात किंवा पुढच्या वर्षी वळती करावी, ते जमत नसेल तर परत द्यावी, असे त्यात होते. ज्यांचे हप्ते बाकी होते त्यांना कमी भरण्याची सोय होती. ज्यांनी भरून टाकले होते त्यांना शाळेच्या दारात जावे लागले.

बदलीची नोकरी असेल तर याचाही आकडा काढता येतो. नोव्हेंबरमध्ये अकोल्याहून बदली झाली आणि शाळा काही परत करत नसेल, तर हप्तेवाल्याचे दोनच हप्ते, २४,००० रुपये गेलेले असतात. एकदम भरणाऱ्याचे ४५,६०० गेलेले असतात. तोटा २१,६०० चा. एका बाजूला २,४०० चा फायदा, दुसऱ्या बाजूला त्याच्या नऊपट तोटा. बदलीची शक्यता दहात एक असेल तर दोन्ही पारडी समान होतात, आणि त्याहून जास्त वाटत असेल तर हप्तेच भरावेत. पैसे भरण्याआधी "वर्षाच्या मध्ये नाव काढल्यास किती रक्कम परत मिळेल" हे शाळेकडून लेखी घ्या. शिकवणी वर्गांच्या बाबतीत तर हे दुप्पट काळजीने करा. अकोल्याला नीट आणि जेईईसाठी आसपासच्या जिल्ह्यांतून मुले येतात आणि वर्गांची एकरकमी सूट शाळांपेक्षा मोठी असते. जानेवारी २०२५ मध्ये उत्तर भारतात एका मोठ्या शिकवणी साखळीची केंद्रे सत्राच्या मध्येच बंद पडली. आगाऊ फी भरलेले पालक तेव्हा पोलीस ठाण्यात उभे होते.

शेवटचे मागणे शाळांच्या व्यवस्थापनांकडे आणि पालकांकडे. सूट एकरकमीवाल्यांना मिळते, म्हणजे ज्याच्याकडे जूनमध्ये पैसा आहे त्याला. शेतकऱ्याला सूट नको, त्याला तारीख हवी आहे. सप्टेंबरचा हप्ता त्याने डिसेंबरात भरला तर शाळेचे नुकसान किती? १२,००० रुपयांवर तीन महिन्यांचे, नऊ टक्क्यांनी व्याज धरले तरी २७० रुपये. ते शाळेने खुशाल वाढवून घ्यावेत. महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याप्रमाणे फीचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे यावा लागतो. पुढचा प्रस्ताव येईल तेव्हा सप्टेंबरऐवजी डिसेंबरची ही मागणी लेखी द्या आणि तिच्याखाली या २७० रुपयांचा हिशेब मांडा.